चकल्या खुसखुशीत झाल्यात ना?

आपल्याकडे प्रश्न विचारणाऱ्याला पुष्कळदा उत्तर नकोच असते. त्याला होकार हवा असतो. फराळाचे ताट पुढे ठेवून घरची गृहिणी विचारते, "चकल्या खुसखुशीत झाल्यात ना?" तुमच्या दाताखाली या क्षणी काय चालले आहे याची चौकशी त्या प्रश्नात मुळीच नसते. आदल्या दिवशी दुपारभर भाजणीशी आणि तेलाशी झटलेल्या माणसाची ती दाद मागण्याची रीत आहे आणि "वा, काय सुरेख!" असे म्हणणे हाच त्यावरचा सभ्य जबाब. पुढे ती विचारते, "आणि लाडू-चिवडा कसा झालाय?" वास्तविक चिवडा झकास उतरलेला असतो आणि लाडू फोडायला अडकित्ता लागेल की काय अशी शंका येत असते. पण प्रश्न एक आणि तोंडही एकच, तेव्हा आपण "छान!" म्हणतो. त्या एका "छान"मध्ये चिवड्याच्या पुण्याईवर लाडूही तरून जातो.

घरात हे असेच चालावे. फराळाच्या ताटापुढे बसून खरे बोलणाऱ्या माणसाला पुढच्या दिवाळीला कुणी बोलावणार नाही! पंचाईत होते ती हेच प्रश्न छापून पाचसहाशे लोकांना वाटले जातात, आलेले "होय" मोजले जातात आणि त्या बेरजेवर एखादा निर्णय घेतला जातो तेव्हा. नोकरीची उणीपुरी अठ्ठावीस वर्षे मी असल्या प्रश्नावल्या घेऊन लोकांचे उंबरठे झिजवण्यात आणि पुढे त्या प्रश्नावल्या बेतण्यात घालवली. सेवानिवृत्तीनंतर या विद्येचा कुणाला काही उपयोग होईल असे वाटले नव्हते. पण गेल्या वर्षी आमच्या गावातल्या वाचनालयाचे कार्यवाह एका संध्याकाळी एक कागद घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "काका, तुम्ही या खात्यातले. जरा नजर फिरवा. शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या काढा, म्हणजे उद्या छापायला टाकतो."

त्या कागदामागची हकीकत आधी सांगितली पाहिजे. वाचनालयाची इमारत जुनी. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला एक मोठी खोली आहे आणि तिथे कित्येक वर्षे मोफत वृत्तपत्र कक्ष चालतो. लाकडी उतरत्या मेजांवर दहाबारा दैनिके लावलेली असतात. ज्याला वाटेल त्याने यावे, उभ्याउभ्या किंवा बाकावर टेकून वाचावे. सकाळी तिथे पेन्शनर मंडळी असतात, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन असतात, स्टँडवर नंबर लागेपर्यंत रिक्षावाले डोकावतात. यांतले बरेचसे वाचनालयाचे सभासद नव्हेत. दुसरीकडे, गावात स्पर्धा परीक्षांना बसणारी मुलेमुली पुष्कळ. दोन खोल्यांच्या घरात त्यांना पुस्तक उघडायला कोपरा मिळत नाही. त्यांच्यासाठी माफक शुल्क घेऊन अभ्यासिका काढावी आणि त्यासाठी हीच खोली घ्यावी, असे कार्यकारी मंडळातल्या काहींच्या मनात होते. हा काही दुष्टांचा कट नव्हता. मुलांची निकड खरी होती आणि वाचनालयाच्या तिजोरीचीही. म्हणून सभासदांचे मत घ्यावे आणि वार्षिक सभेत ठरवावे, असा सरळ विचार होता. कागदावरचा पहिला प्रश्न मात्र असा होता:

"काळाची गरज ओळखून, बराच वेळ ओस पडून राहणाऱ्या वृत्तपत्र कक्षाच्या जागी होतकरू विद्यार्थ्यांसाठी सुसज्ज अभ्यासिका सुरू व्हावी, असे आपणांस वाटते ना? होय / नाही."

शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती.

आमच्या धंद्यात याला सूचक प्रश्न म्हणतात. शब्द वकिलांकडून आलेला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो होता आणि २०२४ साली अंमलात आलेल्या नव्या कायद्यातही ती कल्पना कायम आहे. विचारणाऱ्याला जे उत्तर हवे, तेच सुचवणारा प्रश्न तो सूचक. आपल्याच साक्षीदाराला असे प्रश्न विचारू लागल्यास विरुद्ध पक्षाचा वकील हरकत घेतो. उलटतपासणीत मात्र त्यांना मुभा असते. प्रश्नावली भरणाऱ्या गरीब बिचाऱ्याच्या बाजूने हरकत घ्यायला कुणीच उभा नसतो, एवढाच फरक.

या प्रश्नात सूचना कुठेकुठे दडली आहे ते पाहा. "ना" तर उघडच आहे. मराठीतले हे एका अक्षराचे शेपूट मोठे बलवान. त्याला नाही म्हणणे म्हणजे विचारणाऱ्याला खोटे पाडणे. पण शेपूट कापून "वाटते का?" केले म्हणून प्रश्न शुद्ध होत नाही. "काळाची गरज" हे मत आहे; ते आधीच मान्य करून घेऊन मग प्रश्न सुरू होतो. "ओस पडून राहणाऱ्या" हे विधान आहे. ते खरे की खोटे हे सभासदाला विचारलेलेच नाही. "होतकरू" आणि "सुसज्ज" ही दोन विशेषणे एका पारड्यात टाकली आहेत, दुसऱ्या पारड्यात "ओस". आणि सर्वांत मोठी गोष्ट जे लिहिलेले नाही त्यात आहे. अभ्यासिका सुरू झाली की पेपर वाचायची जागा बंद होणार, हे वाक्यात कुठेच म्हटलेले नाही. ते "जागी" या एका शब्दात गुंडाळून ठेवले आहे. अभ्यासिकेला शुल्क पडणार हेही नाही.

मी कार्यवाहांना म्हटले, "यावर ऐंशी टक्के 'होय' येतील. पण ते कशाला 'होय' म्हणाले हे तुम्हांला कळायचे नाही."

ते हसले. म्हणाले, "काका, सभासद काय लहान मुले आहेत? ज्याला नको असेल तो 'नाही' म्हणेलच की!"

हे त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ज्याचे मत आधीपासून पक्के आहे त्याला शब्दांनी सहसा हलवता येत नाही. रोज सकाळी सातला त्या खोलीत हजर असणारा पेन्शनर कसलाही प्रश्न आला तरी "नाही"वरच खूण करील. शब्द हलवतात ते ज्यांनी या गोष्टीचा अजून विचारच केलेला नाही अशांना, आणि कुठल्याही यादीत अशांचीच संख्या मोठी असते. शिवाय आपल्या माणसाला, विशेषतः समोर कुणी उभे असले तर, "नाही" म्हणायचा संकोच वाटतो.

शब्दांच्या या वजनाचा एक जुना दाखला माझ्या कायम लक्षात राहिला आहे. डोनाल्ड रग नावाच्या अमेरिकन संशोधकाने तो १९४१ साली प्रसिद्ध केला. लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणे करण्याला अमेरिकेने परवानगी द्यावी का, असे एका गटाला विचारले. तेव्हा शंभरांतल्या ६२ जणांनी "देऊ नये" म्हटले. तसल्याच दुसऱ्या गटाला विचारले, की अशा भाषणांना मनाई करावी का? तेव्हा "करावी" म्हणणारे ४६ च निघाले. परवानगी न देणे आणि मनाई करणे यांत व्यवहारात काय फरक? काहीच नाही. पण "मनाई" हा शब्द तोंडून काढताना माणूस बिचकतो. परवानगी नुसती न देणे त्याला सोपे वाटते.

आमच्या कागदावर नेमके हेच होते. "कक्ष बंद करावा का?" असे विचारले तर हात आखडतील, "कक्ष चालू ठेवावा का?" असे विचारले तर "नको" म्हणायला तितके जड जाणार नाही; आणि "अभ्यासिका सुरू करावी का?" यात तर बंद होण्याचा उल्लेखच नाही. तीन प्रश्न, तीन बेरजा, आणि खोली मात्र एकच! मग यांतला खरा कुठला? खरे सांगायचे तर एकटा असा कुठलाच नाही. एका बाजूचे क्रियापद घेऊन प्रश्न विचारला, की तो त्या बाजूला थोडा कलतोच. यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजू प्रश्नातच शेजारी शेजारी मांडायच्या.

हा काही माझ्या पदरचा शोध नव्हे. स्कॉटलंडने ब्रिटनमधून वेगळे व्हावे की नाही यासाठी २०१४ साली मतदान झाले. तिथल्या सरकारने आधी सुचवलेला प्रश्न असा होता: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी आपण सहमत आहात का? तिथल्या निवडणूक आयोगाने तो प्रश्न सामान्य लोकांपुढे ठेवून तपासला आणि २०१३ च्या जानेवारीत अभिप्राय दिला, की "सहमत आहात का" हे शब्द लोकांना होकाराकडे झुकवतात. मग ते शब्द गाळून, स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का, एवढेच विचारायचे ठरले. पुढे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या मतदानाची वेळ आली. संघाचे सदस्य राहावे का, होय की नाही, असा तो प्रश्न आधी होता. आयोगाने २०१५ साली त्याहून पुढचे पाऊल टाकायला लावले: सदस्य राहावे, की संघ सोडावा? होय-नाही गेले आणि दोन्ही पर्याय शब्दांत लिहिले गेले. जिथे देशाच्या नशिबाची गोष्ट होती तिथे लोकांनी दोनतीन शब्दांसाठी इतका खल केला. आमच्यापुढे एका खोलीचा प्रश्न होता. पण त्या वॉचमनला त्या खोलीवाचून दुसरी खोली नव्हती, हेही तितकेच खरे.

तासभर बसून आम्ही प्रश्न पुन्हा लिहिला. आधी विशेषणे काढली. मग सभासदाला माहीत असावी अशी वस्तुस्थिती, कुणाची बाजू न घेता, एका वेगळ्या वाक्यात लिहिली. मग दोन्ही पर्याय लिहिले आणि प्रत्येक पर्यायात काय मिळते आणि काय जाते हे दोन्ही सांगितले:

"तळमजल्यावरील दर्शनी खोलीत सध्या मोफत वृत्तपत्र कक्ष आहे. ही खोली यापुढे कशासाठी वापरावी, असे आपणांस वाटते?
(अ) वृत्तपत्र कक्ष चालू ठेवावा. या खोलीत अभ्यासिका सुरू करू नये.
(ब) अभ्यासिका शुल्क घेऊन सुरू करावी. या खोलीतील वृत्तपत्र कक्ष बंद करावा.
(क) सांगता येत नाही."

कार्यवाहांना हे वाक्य फार कोरडे वाटले. "यात काही आवाहन नाही," असे ते म्हणाले. आवाहन नसावे म्हणूनच तर हा खटाटोप! शिवाय निम्म्या प्रतींवर (अ) आणि (ब) यांची अदलाबदल करायची असे ठरवले. छापील यादीत वर असलेल्या पर्यायाला उगाचच थोडी जास्त पसंती मिळण्याचा संभव असतो. अदलाबदल केली की तो फायदा दोघांत वाटला जातो. छापखान्याला दोन जुळण्या कराव्या लागतात, एवढाच त्रास.

पहिला प्रश्न सूचक होता, तर तिसरा दुनळी. दुनळी बंदूक असते ना, तसा! एक चाप ओढला की दोन गोळ्या सुटतात आणि कुठली कुणाला लागली हे कळत नाही. इंग्रजीत या प्रश्नांचे नावही त्या बंदुकीवरूनच पडले आहे. तिसरा प्रश्न होता: "वाचनालयातील सेवकांची वागणूक व पुस्तकांची उपलब्धता समाधानकारक आहे का?" सेवक गोड बोलणारे आहेत; पण हवे ते पुस्तक कधीच जागेवर नाही, असे ज्याचे मत असेल त्याने खूण कुठे करायची? कुणी चिडून "नाही"वर करील, कुणी सेवकांकडे पाहून "होय"वर करील. शंभर "नाही" जमले, तर मंडळ सेवकांना समज देणार की पुस्तके विकत घेणार?

असले प्रश्न ओळखण्याची सोपी युक्ती नव्या पोरांना शिकवतात, ती अशी, की वाक्यात "व", "आणि", "किंवा", "तसेच" सापडले की थांबा. युक्ती चांगली आहे. पण मराठीत ती अर्धीच चालते. कारण आपल्या भाषेत "आणि" न उच्चारता दोन वस्तू एका शब्दात कोंबण्याची सोय आहे. शाळेत आपण तिला द्वंद्व समास म्हणून तोंडपाठ केले होते! चौथाच प्रश्न पाहा: "देवघेव विभागाचे काम आपणांस समाधानकारक वाटते का?" इथे "व" नाही, "आणि" नाही. पण देव वेगळी आणि घेव वेगळी. आमच्याकडे पुस्तक परत घ्यायला बाई खिडकीशी बसलेल्या असतात आणि ते काम क्षणात होते. नवे पुस्तक मिळवायला मात्र चिठ्ठी आत पाठवून तिष्ठत बसावे लागते. "आपले आईवडील वाचनालयात येतात का?" यातही तेच. आई कादंबऱ्या नेते, वडील फिरकत नाहीत. "मुलेबाळे", "सोयीसुविधा", "पुस्तके-मासिके" हे सगळे शब्द बोलताना किती घरगुती वाटतात, आणि प्रश्नावलीत आले की प्रत्येकाच्या पोटात दोन प्रश्न निघतात.

तेव्हा शब्द शोधण्याऐवजी मी माणूस शोधतो. प्रश्न वाचायचा आणि ज्याची दोन उत्तरे होतील असा ओळखीतला एखादा माणूस डोळ्यांपुढे येतो का ते पाहायचे. आला, तर प्रश्न फोडायचा. नाहीच आला, तर "आणि" असूनही प्रश्न बिनघोर ठेवायचा. "वाचनालयात येताना आपण चष्मा आणि ओळखपत्र दोन्ही बरोबर आणता का?" यात "दोन्ही" असल्यामुळे गोंधळ नाही, प्रश्न चमत्कारिक आहे, ही गोष्ट वेगळी. प्रत्येक जोडी फोडत बसलो, तर सात प्रश्नांचे सत्तावीस होतात आणि विसाव्याला माणूस कंटाळून सगळीकडे एकाच रांगेत खुणा करीत सुटतो. ज्या जोडीच्या दोन उत्तरांवरून मंडळ दोन वेगळ्या गोष्टी करणार असेल, तेवढीच फोडावी. आम्ही सेवक आणि पुस्तके वेगळी केली, देव आणि घेव वेगळी केली, "सोयीसुविधा" हा प्रश्न साफ काढून टाकला आणि त्या ऐवजी पिण्याच्या पाण्याबद्दल विचारले. कारण मंडळाला खरोखर करता येण्यासारखे तेवढेच होते.

एका प्रश्नाने मात्र आम्हांला बराच वेळ अडवले: "वर्गणी वाढवून नवी पुस्तके घ्यावीत का?" हाही दुनळीच. कार्यवाह आता तयार झाले होते. त्यांनी उत्साहाने पेन्सिल उचलून तो फोडलाही. "नवी पुस्तके अधिक घ्यावीत का?" एक. "वर्गणी वाढवावी का?" दोन. मी म्हटले, "आता याची उत्तरे मी तुम्हांला इथे बसूनच देतो. पहिल्याला सगळे 'होय' म्हणतील, दुसऱ्याला सगळे 'नाही'. सभेत तुम्ही काय ठरवणार?" कारण इथे दोन गोष्टी चुकून एकत्र आलेल्या नव्हत्या, त्या व्यवहारातच एकमेकींना बांधलेल्या होत्या. पैसे टाकले तर पुस्तके, नाही तर नाही. असा सौदा फोडून विचारला तर प्रत्येक तुकड्याचे उत्तर खरे असते आणि दोन्ही मिळून निरुपयोगी. तो सौदा म्हणूनच विचारला पाहिजे. फक्त किंमत लपवता कामा नये. मूळ प्रश्नाचा दोष तोच होता. वाढवून म्हणजे किती? नवी पुस्तके म्हणजे किती?

मग आम्ही पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. सभासद सहाशे, वर्गणी महिन्याला पन्नास रुपये. ती सत्तर केली तर महिन्याला बारा हजार रुपये जास्त. पुस्तकाला सरासरी चारशे रुपये धरले, तर तीस पुस्तके. शेवटी प्रश्न असा झाला: "आपली पसंती कोणती? (अ) वर्गणी दरमहा ५० रुपयेच राहावी. नवी पुस्तके सध्याइतकीच यावीत. (ब) वर्गणी दरमहा ७० रुपये करावी. दर महिन्यास सुमारे ३० पुस्तके अधिक यावीत." कार्यवाह त्या तीसच्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. वर्गणी वाढवायची चर्चा मंडळात तीन बैठका चालली होती. पण हा भागाकार कुणी केलेला नव्हता.

मसुदा तयार झाला म्हणजे काम झाले असे मानू नये. लिहिणाऱ्याला आपला प्रश्न नेहमीच स्पष्ट वाटतो. म्हणून छापण्याआधी तो दहा-बारा परक्या माणसांपुढे ठेवावा लागतो, आणि तोही एका विशिष्ट रीतीने. "प्रश्न समजला का?" असे विचारायचे नाही, समजला नाही असे कबूल करायला कुणाला आवडते? त्याने खूण केल्यावर म्हणायचे, "हा प्रश्न तुम्हांला काय विचारतोय, ते तुमच्या शब्दांत सांगा बघू." आणि मग गप्प बसायचे. या गप्प बसण्यातच सारी विद्या आहे.

ग्रंथपालबाईंनी आणि मी दोन दिवस हे काम केले. मूळ कागदावरचा एक प्रश्न आम्ही मुद्दाम तसाच ठेवला होता, कारण मला एक गोष्ट कार्यवाहांना दाखवायची होती: "वाचनालयाच्या वेळा आपणांस गैरसोयीच्या वाटत नाहीत ना?" एका निवृत्त मास्तरांनी "होय"वर खूण केली. अर्थ विचारला, तर म्हणाले, "हो, नाही वाटत. मला काय, घरीच असतो." मागून बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनीही "होय"वरच खूण केली. "होय म्हणजे होतेच की गैरसोय! मी सुटते साडेसहाला, इथे पोचेपर्यंत खिडकी बंद." दोन अगदी उलट मते एकाच चौकोनात येऊन बसली होती. नकारार्थी प्रश्नाला मराठी माणूस पुष्कळदा "हो" म्हणून त्या नकारालाच दुजोरा देतो, आणि कधी तेच "हो" घेऊन नकार उलटवतोही. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून आपल्याला कळते. कागदाला आवाज नसतो. तो प्रश्न आम्ही असा बदलला: "वाचनालय सकाळी ८ ते ११ व सायंकाळी ४ ते ७ उघडे असते. यांपैकी कोणत्या वेळी येणे आपणांस जमते?" खाली चार चौकोन: फक्त सकाळी, फक्त सायंकाळी, दोन्ही वेळी, कोणत्याही वेळी नाही.

त्या दोन दिवसांत खोलीच्या प्रश्नालाही एक धक्का बसला. परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी (अ) आणि (ब) पुनःपुन्हा वाचीत होती. मग म्हणाली, "काका, यात माझे उत्तरच नाही. पेपरवाले आजोबा दहा वाजता उठून जातात. त्यानंतर आम्ही बसलो तर?" इतके दिवस मंडळ "हे की ते" असा विचार करीत होते, आणि आमच्या नव्या, निःपक्षपाती, दोन्ही बाजू सारख्या तोलणाऱ्या प्रश्नानेही तोच "हे की ते" जसाच्या तसा उचलला होता. मी कार्यवाहांना विचारले, की असे करायला मंडळाची तयारी आहे का? कारण जे करायचेच नाही ते पर्याय म्हणून छापणे हीसुद्धा एक फसवणूक. त्यांनी दोन फोन केले. त्यानंतर कागदावर तिसरा पर्याय आला: सकाळी दहापर्यंत वृत्तपत्र कक्ष, नंतर शुल्क घेऊन अभ्यासिका. "सांगता येत नाही" खाली सरकले.

शब्द कितीही घासूनपुसून घेतले तरी एक दोष तसाच राहत होता. तो शब्दांतला नव्हताच. प्रश्नावली जाणार होती सभासदांकडे, आणि त्या खोलीतले बरेचसे वाचक सभासद नव्हते. ज्याला विचारलेच नाही त्याचे मत प्रश्न सुधारून मिळत नाही. यावर मंडळात थोडी कुरकुर झाली. सभासद नसलेल्यांना मताचा काय अधिकार, हा मुद्दा एका सद्गृहस्थांनी काढला आणि कायद्याने पाहिले तर तो बरोबरही होता. अखेर असे ठरले, की निर्णय सभासदांच्या सभेनेच करावा. पण कक्षातल्या वाचकांची मते वेगळी घेऊन, वेगळीच मोजून, सभेपुढे ठेवावीत. दोन्ही बेरजा एकत्र करू नयेत, एवढा आग्रह मी धरला.

कक्षातल्या काही वाचकांना बारीक अक्षर वाचायचा कंटाळा, काहींना चष्म्याची अडचण. म्हणून तिथे प्रश्न वाचून दाखवायचे काम ग्रंथपालबाईंकडे आले. मी त्यांना एकच गोष्ट बजावून सांगितली: कागदावर जे आहे तेच, तेवढेच आणि त्याच क्रमाने वाचायचे. समजावून सांगायला गेले की "ना" परत येतो. कागदावरून काढलेला तोंडावाटे येतो.

पहिल्या सकाळी मी मुद्दाम जाऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसलो होतो. रात्रपाळीचा एक वॉचमन, डोळे तांबारलेले, टोपी काखेत, मेजाला टेकून उभा होता. बाईंनी चारही पर्याय वाचून दाखवले. त्याने ते ऐकून घेतले आणि हळूच विचारले, "बाई, तुमी सांगा, कुठं खूण केली म्हंजे बरं दिसंल?"

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग पॅड नीट धरून त्यांनी प्रश्न पहिल्यापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.